बिल ऑफ लेडिंगवरचे शेरे आणि मागची सही: सांगलीहून चितगावला चाललेल्या हळदीच्या एका कंटेनरचे उदाहरण

प्रश्न: सांगलीत माझा हळदीचा छोटा व्यवसाय आहे. पन्नास किलोच्या ४०० पोत्यांचा एक वीस फुटी कंटेनर न्हावा शेवाहून कोलंबोमार्गे चितगावला जायचा आहे. पैसे एलसीवर, म्हणजे कागद बरोबर असल्यास पैसे देण्याच्या खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर, आहेत. एलसीत बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, एलसी उघडणाऱ्या बँकेच्या नावे ‘ड्रॉन ऑर एन्डॉर्स्ड टू द ऑर्डर ऑफ’ हवे, असे लिहिले आहे. लाईनने, म्हणजे जहाज कंपनीने, पाठवलेल्या मसुद्यात कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, जागी थेट खरेदीदाराचे नाव आहे, खाली ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ आहे आणि वर ‘रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट’. खरेदीदार म्हणतो की एक मूळ प्रत त्याला थेट कुरियरने पाठवावी. मसुद्यात नेमके काय बदलून घ्यावे? मागच्या बाजूला सही कोणी करायची?

उत्तर:

मसुदा अजून मसुदाच आहे, ही आपल्या बाजूची सर्वांत चांगली गोष्ट. मूळ प्रती छापून हातात आल्या की प्रत्येक दुरुस्तीसाठी तिन्ही प्रती लाईनकडे परत द्याव्या लागतात, शुल्क भरावे लागते, आणि जहाज पुढे गेले असेल तर तिकडच्या बंदरातील मॅनिफेस्टही बदलून घ्यावा लागतो. म्हणून आज संध्याकाळपर्यंत मसुदा मान्य करण्याची घाई लाईनने केली, तरी कन्साइनीचा रकाना दुरुस्त झाल्याशिवाय मान्यता देऊ नये. बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत.

या रकान्यात तीन प्रकारे लिहिता येते आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर हुंड्यांचे जे प्रकार चालत, ते आठवले तर फरक चटकन लक्षात येतो. नामजोग हुंडीचे पैसे नाव लिहिलेल्या माणसालाच मिळत. फरमानजोग हुंडीचे पैसे त्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला मिळत. धनीजोग हुंडी जो घेऊन येईल त्याला चालत असे. कन्साइनीत नुसते खरेदीदाराचे नाव असले की बिल ऑफ लेडिंग नामजोग झाले: ते मागे सही करून दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ‘टू ऑर्डर’ लिहिले की ते फरमानजोग झाले, आणि मागे नाव न घालता नुसती सही केली की धनीजोग. तुलना येथेच थांबवावी, कारण बिल ऑफ लेडिंगच्या पृष्ठांकनाने, म्हणजे मागच्या सहीने, देणाऱ्याकडे असलेल्या हक्कापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोरलेल्या कागदावर सही करून कोणी माल विकला, तर घेणाऱ्याला कायद्याने मालकी मिळणार नाही. माल मात्र तोवर बंदराबाहेर गेलेला असतो, हा भाग निराळा.

आपल्या मसुद्यात कागद नामजोग आहे आणि एलसीला फरमानजोग हवा आहे. बँकेची छाननी येथेच अडेल, कारण ‘टू द ऑर्डर ऑफ’ अशी मागणी असताना थेट नाव चालत नाही, हे आंतरराष्ट्रीय बँकिंग प्रथेत स्पष्ट आहे. पण नाकारले जाण्यापेक्षा मोठा धोका असा की अशा कागदावर बँकेचा मालावर काहीच ताबा राहत नाही. माल खरेदीदाराच्या नावे निघालेला असतो, आणि काही बंदरांत नामजोग बिल असेल तर मूळ प्रत न घेताही ओळख पटवून माल सोडण्याची प्रथा आहे.

आता एलसीतले ‘ड्रॉन ऑर एन्डॉर्स्ड’ हे शब्द नीट वाचावेत. बांगलादेशच्या एलसीत हे वाक्य नेहमी येते आणि बहुतेक निर्यातदार त्यातला ‘ऑर’ न पाहता पुढे जातात. त्या एका शब्दाने आपल्याला दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. पहिली वाट म्हणजे कन्साइनीत सुरुवातीपासूनच ‘टू द ऑर्डर ऑफ’ आणि पुढे उघडणाऱ्या बँकेचे नाव व शाखा लिहिणे. अशा बिलावर आपल्याला मागे सही करावी लागत नाही. पुढचे पृष्ठांकन ती बँकच खरेदीदाराच्या नावे करते. दुसरी वाट म्हणजे कन्साइनीत फक्त ‘टू ऑर्डर’ किंवा ‘टू ऑर्डर ऑफ शिपर’ लिहून घेणे आणि कागद बँकेत सादर करताना मागे आपण त्या बँकेच्या नावे पृष्ठांकन करणे.

लाईनचे लोक आणि क्लिअरिंग एजंट सहसा पहिली वाट सुचवतात, कारण त्यात सहीची भानगड नसते. मी मात्र छोट्या निर्यातदाराला दुसरीच वाट सांगतो. पहिल्या वाटेत माल जहाजावर चढण्यापूर्वीच कागदावर परकी बँक बसलेली असते. समजा, कागद सादर करण्याआधीच खरेदीदाराचे बिनसले आणि आपल्याला तो कंटेनर कोलंबोतल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला द्यायचा झाला. तिन्ही मूळ प्रती आपल्या कपाटात असूनही लाईन कन्साइनी बदलण्यापूर्वी सहसा त्या बँकेचे नाहरकतपत्र मागते, आणि ज्या बँकेला या व्यवहारात आता रस उरलेला नाही तिच्याकडून पत्र मिळवणे किती कठीण असते, हे अनुभव घेतल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या वाटेत आपली सही होईपर्यंत फरमान आपलेच चालते.

सहीचा मजकूर साधा असतो: मूळ प्रतीच्या मागे ‘डिलिव्हर टू द ऑर्डर ऑफ’, त्यापुढे बँकेचे नाव जसे एलसीत आहे तसेच, त्याखाली आपल्या फर्मचा शिक्का, अधिकृत व्यक्तीची सही आणि तारीख. समोरच्या बाजूला शिपर म्हणून जे नाव आहे तेच नाव शिक्क्यावर असले पाहिजे. बिलावर आपण ‘ट्रेडिंग कंपनी’ आणि शिक्क्यावर ‘ट्रेडर्स’ असाल, तर बँकेचा छाननी करणारा माणूस तेवढ्यावरून कागद बाजूला ठेवू शकतो. सही तिन्ही मूळ प्रतींवर करावी. एक करून दोन कोऱ्या सोडल्या की सांगलीच्या शाखेतून कागद परत येतो आणि दोन दिवस जातात.

आपल्या स्थानिक बँकेने बिलावर आगाऊ पैसे देताना ‘आमच्या नावे पृष्ठांकन करा’ असे सांगितले, तर आधी एलसी दाखवावी. स्थानिक बँकेच्या नावे नाव घालून पृष्ठांकन केले, तर पुढे त्या बँकेनेही सही करून ते एलसी उघडणाऱ्या बँकेकडे वळवले पाहिजे. मागच्या बाजूला नावांची साखळी अखंड दिसावी लागते: शिपर, मग त्याने नेमलेला, मग त्याने नेमलेला. मधल्या एकाची सही राहिली की चितगावचा एजंट डिलिव्हरी ऑर्डर देत नाही, आणि कंटेनर बंदरात भाडे खात उभा राहतो.

कोरे पृष्ठांकन, म्हणजे नाव न घालता नुसती सही, एलसीने स्पष्ट मागितले तरच करावे. ते सोयीचे असते, पण असा संच कुरियरमध्ये हरवला तर ज्याच्या हाती लागेल तो माल मागू शकतो. कोऱ्या पृष्ठांकनाचा एक फायदा मात्र खरा आहे. बँकेने कागद नाकारून परत पाठवले, तर तो संच हातात असणे पुरते. नाव घालून केलेल्या पृष्ठांकनात परत आलेल्या प्रतींवर त्या बँकेने आपल्या नावे उलट पृष्ठांकन केलेले असले पाहिजे. म्हणून नाकारल्याची सूचना आली की आपल्या बँकेमार्फत त्याच दिवशी लेखी कळवावे: प्रती उलट पृष्ठांकन करूनच परत पाठवाव्यात. माझ्या एका ओळखीच्या निर्यातदाराला ते सुचले नाही. प्रती परत आल्या, पण त्या बँकेच्याच नावे. त्या पुन्हा ढाक्याला जाऊन सही होऊन येईपर्यंत बंदराचा आणि लाईनचा आकार इतका चढला, की त्याने शेवटी माल मिळेल त्या भावाला विकला. अशा वेळी लाईन आकार आपल्याकडेच मागते, हेही ध्यानात असू द्यावे. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटींत ‘मर्चंट’ या शब्दाच्या व्याख्येत शिपर असतोच.

खरेदीदाराला थेट पाठवायच्या एका प्रतीबद्दल माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. बिलावर एक ओळ छापलेली असते, तिचा अर्थ असा की तीनपैकी एका प्रतीवर माल सोडला की उरलेल्या दोन रद्द समजाव्यात. म्हणजे तीन प्रती हे एका मालाचे तीन हिस्से नसून एकाच दाराच्या तीन किल्ल्या आहेत. पृष्ठांकन केलेली एक किल्ली खरेदीदाराकडे गेली, तर तो बँकेत पैसे न भरता माल उचलू शकतो आणि मग उरलेल्या दोन प्रतींत एखादी बारीक चूक काढून कागद नाकारायला लावू शकतो. शिवाय आपल्या एलसीत पूर्ण संच मागितला असेल, तर दोनच प्रती दिल्यावर बँक तेवढ्याच कारणाने नाकारेल. खरेदीदाराला जहाज पोहोचण्यापूर्वी कस्टम्सची तयारी करायची असेल, तर ‘नॉन-निगोशिएबल’ शिक्क्याची प्रत ईमेलने पाठवावी. त्या प्रतीवर माल सुटत नाही, माहिती मात्र सगळी मिळते. ‘टेलेक्स रिलीज करून टाका’ अशी मागणी आली तरी उत्तर तेच. त्यात मूळ प्रती आपण इथल्या लाईनच्या कार्यालयात जमा करतो आणि मग बँकेत सादर करायला मूळ प्रतच उरत नाही.

समोरच्या बाजूचा ‘रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट’ हा शेरा काढून टाकण्याची गरज नाही. त्यात भर घालण्याची गरज आहे. लाईनने कंटेनर यार्डात ताब्यात घेतला, एवढेच तो शेरा सांगतो. एलसीला माल जहाजावर चढलेला हवा असतो. म्हणून त्या बिलावर वेगळा ‘शिप्ड ऑन बोर्ड’ शेरा हवा आणि त्यात चढवल्याची तारीख हवी. मसुद्यात जहाजाच्या नावाआधी ‘इंटेंडेड’ हा शब्द असेल, तर शेऱ्यात प्रत्यक्ष जहाजाचे नावही हवे. आपला कंटेनर सांगलीत भरून सील होतो, त्यामुळे मसुद्यात ‘प्लेस ऑफ रिसीट’ म्हणून सांगली आणि पुढे न्हावा शेवा असे दोन्ही असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर शेऱ्यात न्हावा शेवा हे बंदर आणि जहाजाचे नाव दोन्ही मागून घ्यावे. नाहीतर चढवल्याची तारीख नेमकी कुठल्या वाहनाची, हा वाद उभा राहू शकतो. जेथे ‘शिप्ड’ हा शब्द छापलेलाच असतो, तेथे बिल दिल्याची तारीखच शिपमेंटची मानतात. पण त्यावर वेगळ्या तारखेचा ऑन बोर्ड शेरा असेल तर त्या शेऱ्याचीच तारीख धरतात.

येथे एक उदाहरण तारखांसह पाहू. समजा, एलसीत शेवटची शिपमेंट तारीख ३० जून आहे. कंटेनर २४ जूनला न्हावा शेवाच्या फाटकातून आत गेला आणि जहाज २७ जूनला सुटायचे होते. जहाज उशिरा आले आणि कंटेनर २ जुलैला चढला. निर्यातदार फाटकाची पावती दाखवून म्हणतो की माल वेळेत दिला होता. बँकेला त्याचे काही देणेघेणे नसते. ऑन बोर्ड तारीख २ जुलै, म्हणजे दोन दिवस उशीर, म्हणजे त्रुटी. ३० जूनला बँकेची सुट्टी होती, असे म्हणूनही उपयोग नसतो. सुट्टीमुळे कागद सादर करण्याची मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत वाढते, शिपमेंटची तारीख वाढत नाही. हा नियम यूसीपी ६०० या एलसीबाबतच्या आंतरराष्ट्रीय बँकिंग नियमावलीच्या २९व्या कलमात आहे. अशा वेळी योग्य मार्ग एकच: २७ तारखेलाच जहाज सुटत नाही असे कळले की खरेदीदाराकडून एलसीची दुरुस्ती मागवणे. बहुतेक खरेदीदार माल हवा असतो तोवर पाच-दहा दिवस देतात. भाव पडला असेल तर देत नाहीत, आणि ते २ जुलैला कळण्यापेक्षा २८ जूनला कळलेले बरे.

दुसरा मार्ग कोणीतरी सुचवतोच: लाईनला हमीपत्र देऊन तारीख ३० जून घालून घ्यायची. त्यात पडू नये. जहाज कुठल्या दिवशी कुठल्या धक्क्यावर होते हे आता कोणीही पाहू शकतो, आणि खोट्या तारखेचे बिल म्हणजे फसवणूक. अशा हमीपत्राच्या भरवशावर राहणाऱ्या वाहकाची काय गत होते, हे १९५७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दाखवून दिले. लंडनहून हॅम्बुर्गला चाललेल्या संत्र्याच्या रसाची पिंपे गळकी होती. वाहकाला ते दिसत असूनही शिपरने हमीपत्र दिले म्हणून त्याने निर्दोष बिल दिले. पुढे नुकसानभरपाई भरावी लागल्यावर वाहकाने हमीपत्र पुढे केले, तेव्हा न्यायालयाने फसवणुकीवर उभे असलेले ते हमीपत्र अमलात आणण्यास नकार दिला. आज लाईन अशा कागदाला नाही म्हणते तेव्हा ती आडमुठेपणा करत नसते.

याच संदर्भात ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ पाहू, कारण हा शेरा बघून नवा निर्यातदार उगाच घाबरतो आणि लाईनशी भांडत बसतो. हा शेरा निर्दोषपणाच्या आड येत नाही. ‘सेड टू कंटेन’ही येत नाही. यूसीपीच्या २६व्या कलमात बँकांनी ते स्वीकारावेत असे स्पष्ट आहे. कंटेनर आपण भरला, सील आपण लावले, लाईनने आतली पोती मोजली नाहीत. ती तेवढेच खरे लिहून ठेवते. ‘क्लीन’ हा शब्द बिलावर लिहिलेला असण्याचीही गरज नाही. माल किंवा वेष्टन सदोष असल्याचा शेरा नसला की बिल क्लीन. भेद शब्दांच्या बारकाव्यात असतो: ‘वेष्टन समुद्रप्रवासास पुरेसे नसू शकेल’ हा शेरा बँकेला चालतो, ‘वेष्टन समुद्रप्रवासास पुरेसे नाही’ हा चालत नाही. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात निवाडा.

तरी या शेऱ्याचा एक परिणाम आपल्या अंगावर येतो. चितगावला कंटेनर उघडला, सील शाबूत निघाले आणि पोती ३९६ भरली, तर चार पोत्यांचा दोष लाईनकडे जात नाही. तो आपल्याकडे येतो. म्हणून सांगलीत भरताना मोजणीचा कागद दोघांच्या सहीने करावा, दार बंद होण्यापूर्वीचा फोटो ठेवावा आणि सीलचा क्रमांक बिलावर अंक न् अंक जुळवून घ्यावा. उलट सील बदललेले किंवा तुटलेले निघाले आणि बिलावरचा क्रमांक बरोबर असेल, तर तोच क्रमांक आपला पुरावा होतो. लाईनवर दावा करायचा झाल्यास मुदत डिलिव्हरीपासून एक वर्षाची असते. खरेदीदार तक्रारीत सहा महिने घालवतो आणि आपण विम्याशी पत्रव्यवहारात आणखी चार, तेव्हा हे वर्ष फार लवकर संपते.

नोटिफाय पार्टीचा, म्हणजे माल आल्याचे ज्याला कळवायचे त्याचा, रकाना शेवटी पाहावा, पण पाहावा. खरेदीदाराचे नाव आपल्या एलसीप्रमाणे तेथे असायला हवे, कन्साइनीत नाही. इतर कागदांवर पत्ता थोडा वेगळा असला तरी बँका तो सहसा सोडून देतात. पण बिलावरच्या कन्साइनी आणि नोटिफायच्या रकान्यात आलेला पत्ता एलसीत आहे तसाच लागतो, ‘रोड’ला ‘आरडी’ नको. बांगलादेशच्या एलसीत खरेदीदाराचा बीआयएन हा व्यवसाय ओळख क्रमांक आणि एलसीचा क्रमांक-तारीख बिलावर मागितलेली असेल, तर तेही जसेच्या तसे उतरवावे. बंदराचे नावही तसेच: २०१८ पासून सरकारी इंग्रजी लेखन बदलून ‘चट्टोग्राम’ झाले आहे, पण जुन्या नमुन्यावरून काढलेल्या एलसीत ‘चिट्टागाँग’ असते. लाईनला सांगून एलसीतलेच नाव घालून घ्यावे. कोलंबोत माल बदलला जाणार, यासाठी मात्र काही बदलायचे नाही. न्हावा शेवापासून चितगावपर्यंतचा पूर्ण प्रवास एकाच बिलात असला आणि माल कंटेनरमध्ये असला, तर एलसीत ट्रान्सशिपमेंटला मनाई असली तरी ‘ट्रान्सशिपमेंट होईल’ असे लिहिलेले बिल बँका स्वीकारतात.

मूळ प्रती छापून आल्यावर एखादे अक्षर चुकलेले दिसले, तर ते स्वतः पेनाने सुधारू नये. बिलावरची प्रत्येक दुरुस्ती वाहकाने, कप्तानाने किंवा त्यांच्या एजंटने सही-शिक्क्यासह प्रमाणित केलेली असावी लागते. आपण सही करायची ती फक्त मागच्या बाजूला, आणि तीही कागद बँकेत नेण्याच्या दिवशी. ऑन बोर्ड तारखेपासून एकवीस दिवसांच्या आत आणि एलसी संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी येईल त्याआधी, कागद बँकेत पोहोचले पाहिजेत. एलसीत याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच धरावेत. बांगलादेशच्या एलसीत पंधरा दिवस मी अनेकदा पाहिले आहेत.